प्रतीक्षा यादी (नोकरभरती)

प्रतीक्षा यादी ही सरकारी किंवा निमसरकारी नोकरभरतीच्या निकालानंतर, निवड झालेल्या उमेदवारांच्या लगेच खाली असलेल्या उमेदवारांची गुणवत्ताक्रमाने लावलेली यादी होय. काही संस्था तिलाच राखीव यादी म्हणतात. येथे 'राखीव' म्हणजे 'हाताशी ठेवलेली' एवढाच अर्थ असून त्याचा आरक्षणाशी संबंध नाही. अशा यादीत खुल्या प्रवर्गातील उमेदवारही असतात.

यादीचा उपयोग

निवड यादीत नाव आलेला प्रत्येक उमेदवार प्रत्यक्ष नोकरीत येतोच असे नाही. कागदपत्र पडताळणीत कोणी अपात्र ठरतो, कोणाला दुसरीकडे अधिक चांगली नोकरी मिळालेली असते, तर कोणी नियुक्ती आदेश मिळूनही मुदतीत रुजू होत नाही. अशी जागा नव्याने जाहिरात न काढता भरता यावी, यासाठी ही यादी असते. मात्र जाहिरातीतील पदांपलीकडे तिचा अधिकार चालत नाही. निकालानंतर कोणी सेवानिवृत्त झाल्याने किंवा नवे पद मंजूर झाल्याने निर्माण झालेली जागा पुढील भरतीची असते. प्रतीक्षा यादी हा भरतीचा स्वतंत्र स्रोत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये गुजरात राज्यातील उपकार्यकारी अभियंत्यांच्या संघटनेच्या प्रकरणात स्पष्ट केले.

बोलावणे केव्हा येते

समजा, एका कार्यालयाने लिपिकाच्या १० पदांची जाहिरात दिली. त्यांपैकी ५ पदे खुली, ३ इतर मागास वर्गासाठी आणि २ अनुसूचित जातींसाठी आहेत. खुल्या पदांच्या प्रतीक्षा यादीत एक उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर आहे. पुढे अनुसूचित जातींच्या पदावर निवडलेला एक जण रुजू झाला नाही. ती जागा त्याच प्रवर्गाच्या प्रतीक्षा यादीकडे जाते. खुल्या यादीतील आपल्या उमेदवाराला तिचा लाभ नाही. त्यानंतर खुल्या पदावर गुणवत्तेने निवडलेली इतर मागास वर्गातील उमेदवार आली नाही. येथे पाहायचे ते तिची जात नव्हे, तर तिची निवड कोणत्या पदावर झाली होती हे. पद खुले असल्याने खुल्या यादीतील पहिल्याला बोलावणे जाते. त्या पहिल्याने लेखी नकार दिला, किंवा आणखी एक खुले पद रिकामे राहिले, तरच दुसऱ्याची पाळी येते. पद महिला, माजी सैनिक अशा समांतर आरक्षणातील असेल, तर प्रथम त्या गटातील उमेदवार पाहिला जातो.

रुजू होऊन काही महिन्यांत राजीनामा दिलेल्याच्या जागेचे काय, यावर नेहमी वाद होतो. एकदा रुजू झाला की पद भरले गेले आणि नंतरची जागा नवीन, असा अर्थ अनेक नियमांत लावला जातो. केंद्र सरकारच्या २००० सालच्या कार्यालयीन ज्ञापनाने मात्र संघ लोकसेवा आयोगामार्फत केलेल्या निवडीबाबत, रुजू झाल्यापासून एका वर्षात राजीनामा किंवा मृत्यू झाल्यास आणि तोवर नवी यादी तयार नसल्यास, ती जागा नवीन न मानता राखीव यादीतून नाव मागवण्याची मुभा दिली आहे. म्हणून उमेदवाराने दुसऱ्या भरतीच्या अनुभवावर विसंबू नये. आपल्या भरतीचा नियमच वाचावा.

नागरी सेवा परीक्षेतील राखीव यादी

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत या यादीचे प्रयोजन निराळे आहे. आरक्षित प्रवर्गातील काही उमेदवार कोणतीही सवलत न घेता सर्वसाधारण निकषावर निवडले जातात. आपल्या प्रवर्गाच्या जागेवरून त्यांना अधिक पसंतीची सेवा मिळत असेल, तर त्यांना तेथे सामावून घेता येते आणि मग खुली जागा मोकळी होते. हे सेवावाटपापूर्वी कळत नसल्याने आयोग प्रथम रिक्त पदांपेक्षा कमी नावांची शिफारस करतो व उरलेली पदे नंतर राखीव यादीतून भरतो. म्हणजे येथे हिशेब सेवावाटपाचा असतो, रुजू न झालेल्यांचा नव्हे.

मुदत आणि हक्क

प्रतीक्षा यादीला मुदत असते. ती बहुधा एक वर्ष किंवा पुढील निवड यादी तयार होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, अशी ठरवलेली असते. खरी अडचण येथेच होते. रुजू न झालेल्याचा आदेश कार्यालयाने रीतसर रद्द करेपर्यंत जागा कागदोपत्री रिकामी होत नाही, आणि मुदतवाढीचे अर्ज निकाली निघेपर्यंत यादीचे आयुष्य संपलेले असते.

निवड यादीत नाव असणे म्हणजे नियुक्तीचा अबाधित हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ मध्ये शंकरसन दाश प्रकरणात म्हटले. प्रतीक्षा यादीतील उमेदवाराचा दावा त्याहून दुबळा असतो. त्याच निकालाने शासनाला मनमानी करता येणार नाही, असेही बजावले आहे. त्यामुळे यादी जिवंत आणि जाहिरातीतील पद रिकामे असताना बोलावणे का केले नाही, याचे कारण कार्यालयाला सांगावे लागते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये किती जण रुजू झाले, कोणते आदेश कोणत्या तारखेला रद्द झाले आणि ती पदे कोणत्या प्रवर्गाची होती, हे विचारता येते. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. म्हणून हा अर्ज यादीची मुदत संपण्यापूर्वी पुरेसा अवधी राखून करावा लागतो.