‘ॲबी रोड’ कुठे तुटतो?

बीटल्सचा ‘ॲबी रोड’ २६ सप्टेंबर १९६९ रोजी इंग्लंडमध्ये बाजारात आला. त्याच्या पहिल्या बाजूचा शेवट नव्याने ऐकणाऱ्याला आजही बिघाड वाटतो. ‘आय वाँट यू’ हे पावणेआठ मिनिटांचं गाणं. शेवटी गिटारची एकच ओळ पुन्हापुन्हा फिरत राहते आणि सिंथेसायझरचा घोंघावणारा वारा तिच्यावर चढत जातो. आता हे कुठे पोचणार म्हणून आपण सरसावून बसतो, तोच सगळं कापल्यासारखं बंद होतं. तालसुद्धा पुरा होत नाही. टेप नेमकी तिथेच कापायला जॉन लेननने सांगितलं होतं.

या कापाला अर्थ होता तो रेकॉर्डमुळे. आवाज थांबला की खोलीत उरायची ती सुईची खरखर. ऐकणारा उठायचा, तबकडी पालटायचा, सुई पुन्हा कडेला टेकवायचा. मग ‘हिअर कम्स द सन’ची स्वच्छ गिटार सुरू व्हायची. वादळ आणि ऊन यांच्यामध्ये अर्ध्या-एक मिनिटाची शांतता आणि हाताला थोडं काम. क्रम ठरवताना ही उठबस धरलेलीच असायची. म्हणून रॉकच्या त्या काळातल्या अल्बमला दोन सुरुवाती असत आणि दोन शेवट.

हे नुसत्या सौंदर्यदृष्टीतून आलेलं नव्हतं. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुई कडेला असो की मध्याजवळ. पण कडेचा फेरा मोठा असल्याने तिथे सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम वीस-एकवीस. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. त्यामुळे शेवटच्या गाण्यात झांजा चरचरतात, गायकाचे ‘स’ आणि ‘श’ फाटतात. म्हणून दणकेबाज गाणं कडेला, सुरुवातीला आणि हळुवार गाणं आत, शेवटाला, असा निर्मात्यांचा सर्वसाधारण शिरस्ता होता. शिवाय आवाज जितका जोरकस, विशेषतः खर्जाचा, तितकी खाच रुंद डुलते आणि जागा खाते. एका बाजूत वीस-बावीस मिनिटं सुखाने मावतात. त्यापुढे आवाजाची पातळी उतरवावी लागते. ‘आय वाँट यू’ने हा शिरस्ता धाब्यावर बसवला. अर्थात घोंघावणाऱ्या वाऱ्यात थोडा फाटलेला आवाज कोणाला कळणार!

फिलिप्सने १९६३मध्ये आणलेल्या कॅसेटला खाचेची अडचण नव्हती. तिची अडचण निराळीच होती. कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच फितीवर असतात. फीत लांब बाजूइतकी घ्यावी लागते आणि दुसरी बाजू तोकडी असली, तर तिच्या शेवटी कोरी फीत फिरत राहते. ‘ॲबी रोड’ची पहिली बाजू जवळजवळ पंचवीस मिनिटांची, दुसरी सव्वाबावीसच्या आसपास. म्हणून ब्रिटनमधल्या कॅसेटवर एक अदलाबदल झाली. पहिल्या बाजूचं सलामीचं ‘कम टुगेदर’ दुसरीकडे गेलं आणि तिथलं ‘हिअर कम्स द सन’ पहिलीकडे आलं. एक सव्वाचार मिनिटांचं, दुसरं तीनच्या थोडं वर. हिशेब करून पाहा, दोन्ही बाजू साडेतेवीसच्या आसपास येतात.

फितीचा हिशेब जुळला, पण अल्बम बदलला. ज्याने ‘ॲबी रोड’ आधी या कॅसेटवर ऐकला, त्याच्यासाठी तो दबा धरून आलेल्या ‘कम टुगेदर’ने सुरू होतच नाही, कोवळ्या उन्हाने सुरू होतो. आणि त्या कापानंतर ऊन पडत नाही, ते आधीच पडून गेलेलं असतं. माझ्या मते हे नुकसान छोटं नाही, पण त्या श्रोत्याला ते सांगून पटणार नाही. त्याला तोच क्रम बरोबर वाटतो.

घरी भरलेल्या कॅसेटची गोष्ट आणखी वेगळी. मुंबई-पुण्यात ऐंशीच्या दशकात कॅसेट भरून देणारी दुकानं होती, मित्राच्या डेकवरूनही काम भागायचं. सी-९०च्या एका बाजूत पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे बहुतेक एलपी अख्खी मावायची आणि पालटण्याचा प्रश्नच मिटायचा. पण ‘ॲबी रोड’ सत्तेचाळीस मिनिटांचा. कंपन्या फीत थोडी जास्त घालत, तरी भरवसा नसे. एखादं गाणं गाळा, नाहीतर शेवट अर्धवट राहू द्या. १९७९मध्ये सोनीचा वॉकमन आल्यावर हेच सारं कानाला लावून रस्त्यावर निघालं. मात्र फीत पुढे पळवली की बॅटरी उतरायची आणि गाणं नेमकं कुठे सुरू होतं ते चाचपडत शोधावं लागायचं. म्हणून नावडतं गाणंही लोक मुकाट ऐकून घेत. कॅसेटने अल्बम घराबाहेर नेला, पण सलग ऐकायची सवय मोडली नाही.

ती मोडली सीडीने. १९८२च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या या बारा सेंटिमीटरच्या तबकडीत एकाच बाजूला सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटं मावत. लेझर आतून बाहेर वाचत जातो आणि तबकडीचा वेग त्यानुसार बदलतो, त्यामुळे शेवटचं गाणंही पहिल्याइतकंच स्वच्छ. ‘ॲबी रोड’ १९८७मध्ये सीडीवर आला तो मूळ क्रमानेच, पण उठून तबकडी पालटणं मात्र गेलं. वादळ कापलं जातं आणि दोन-एक सेकंदांत ऊन हजर. धक्का पचायच्या आत सांत्वन.

शेवटाचंही तसंच झालं. ‘दी एंड’ संपल्यावर चौदा-पंधरा सेकंद शांतता, मग अचानक तेवीस सेकंदांचं ‘हर मॅजेस्टी’. ते मूळ वेष्टनावर छापलेलंच नव्हतं. मालिकेतून वगळलेला तुकडा ध्वनिमुद्रण सहायकाने टेपच्या शेवटी जोडून ठेवला आणि तो तिथेच राहिला. रेकॉर्ड संपली असं समजून बसलेल्याला तो दचकवायचा. सीडी प्लेअरच्या पडद्यावर मात्र आधीच १७ हा आकडा दिसतो, अजून एक बाकी आहे हे ठाऊक असतं. आणि गाण्यांचा क्रम पिसणारं बटण दाबलं, तर एकमेकांत ओघळणारी ‘गोल्डन स्लंबर्स’ आणि ‘कॅरी दॅट वेट’ अधल्यामधल्या स्वरावर तुटतात. लेननने एक काप ठरवून दिला होता. आता तसे काप कुठेही पडू लागले.

नव्या बँडांनी या जागेचा फायदा घेतला. डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ १९८५मध्ये एलपीवर सत्तेचाळीस मिनिटांचा होता, सीडीवर पंचावन्न, कारण एलपीसाठी काही गाणी छाटली होती. पुढे अल्बम सत्तर मिनिटांवर गेले आणि त्यांत भरतीची गाणीही आली. दोन बाजूंच्या शिस्तीत ती कात्रीतून सुटली नसती, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे ही जागाही अपुरी पडली. १९९६च्या ‘लोड’साठी मेटॅलिकाला ‘दी आउटलॉ टॉर्न’ या शेवटच्या गाण्याचा सुमारे एक मिनिट कापावा लागला, कारण सीडीत ७९ मिनिटांपलीकडे काही बसेना. पूर्ण गाणं त्यांनी पुढच्या वर्षी ‘द मेमरी रिमेन्स’ या सिंगलवर दिलं आणि त्याच्या नावातच लिहिलं की ही आवृत्ती उत्पादनाच्या मर्यादांतून सुटलेली आहे. ‘लोड’ एलपीवर घ्यायचा तर दोन तबकड्या लागतात, म्हणजे चार बाजू. एका बैठकीत ऐकायला रचलेला हा अल्बम ऐकताना तीनदा उठावं लागतं.