तिशीआधीच्या बारीक रेषा : नेमकं काय लावावं?

लोणी भापकरसारख्या पर्जन्यछायेतल्या गावात वर्षाचा बराच काळ ऊन थेट अंगावर येतं. सत्ताविशी-अठ्ठाविशीत सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यावर रेषांच्या आधी बहुधा गालांवरचे डाग दिसतात. डोळ्यांच्या कडेची रेष हसू ओसरल्यावरही राहिली, तर ती मुरू लागली असं समजावं.

रेषा रोखण्याचा सर्वांत भक्कम पुरावा सनस्क्रीनचा आहे. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर इथल्या ९०३ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३मध्ये आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर साडेचार वर्षांत वार्धक्याच्या खुणा मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी दिसल्या. मात्र तिथली बहुतेक माणसं गोरी होती, म्हणून हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा धरू नये.

एसपीएफ ३० किंवा अधिक असलेलं सनस्क्रीन चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं घ्यावं; शेतात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं. एवढं न लावल्यास डबीवरचा एसपीएफ मिळतच नाही. डाग असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगछटेचं घ्यावं.

मॉइश्चरायझर फक्त कोरडेपणाच्या रेषा तात्पुरत्या भरतं. ट्रेटिनॉइन पडलेल्या रेषा फिकट करतं, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावं, गरोदरपणात टाळावं. स्टेरॉइड मिसळलेली ‘गोरेपणाची’ क्रीम मात्र त्वचा पातळ करतात, ती लावूच नयेत.