आधी जागा मागा, अक्षरं नंतर टाका

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या मंडळाचं रक्तदान शिबिर घ्या. सहा बाय चार फुटांचा आडवा फ्लेक्स किसननगरच्या नाक्यावर लावायचा आहे. कार्यकर्ता मोबाइलवर एआय टूल उघडून मराठी मजकुरासकट पोस्टर मागतो. चित्र सुरेख येतं, पण ‘शिबिर’मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसलेली असते आणि ‘कार्यक्रम’च्या जागी कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी उमटतं. शिरोरेषा मात्र सरळ असते. त्यामुळे घाईत पाहणाऱ्याला सगळं मराठीच वाटतं आणि चूक थेट छापखान्यापर्यंत जाते.

असं का होतं? चित्र काढणारी बरीचशी टूल्स अक्षर टाइप करत नाहीत, अक्षराचं चित्र काढतात. रंगीत ठिपक्यांच्या गोंधळातून हळूहळू आकार स्पष्ट करत जाणं, ही त्यांची पद्धत. ज्या चित्रांवर ती शिकली, त्यांतला मजकूर बहुतांशी इंग्रजी असतो. त्यात देवनागरीची घडणच वेगळी. ‘शि’ लिहिताना संगणक आधी श साठवतो आणि मग वेलांटी, पण कागदावर वेलांटी श च्या आधी दिसते. ‘कार्यक्रम’ या एकाच शब्दात र दोनदा येतो. एकदा तो रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, दुसऱ्यांदा क च्या पोटात तिरकी रेघ होतो. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर वाटतं, युनिकोडमध्ये मात्र ते चार खुणांचं आहे: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. फॉन्टमध्ये या जोडणीचे नियम लिहिलेले असतात. चित्र काढणारं टूल फॉन्ट वापरतच नाही, ते अंदाजाने रेघा ओढतं. नवी टूल्स दोन-तीन शब्द बरोबर काढू लागली आहेत, पण पत्ता, वेळ आणि नावांची यादी त्यांच्या भरवशावर सोडू नये.

म्हणून टूलकडे फक्त चित्र मागावं. इथे ‘पोस्टर’, ‘बॅनर’, ‘निमंत्रण’ हे शब्दच टाळावेत, कारण शिकलेल्या नमुन्यांत त्यांच्यासोबत अक्षरं आलेली असतात. ‘मजकूर नको’ असं लिहिलं तरी पुष्कळदा मजकूर येतोच. त्याऐवजी त्या जागी काय हवं ते सांगावं: ‘आडवं चित्र, प्रमाण 3:2. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात रक्तदान करणारी तरुणी आणि परिचारिका. वरचा एक तृतीयांश भाग आणि उजवी बाजू म्हणजे फिकट पिवळी, सपाट, रिकामी भिंत.’ दुकानाच्या पाट्या, पुस्तकं, फलक चित्रात मागू नयेत, कारण त्यांच्यावर खोटी अक्षरं उगवतात. तरीही कोपऱ्यात काही उमटलंच, तर त्यावर भिंतीच्याच रंगाचा पट्टा टाकावा.

मग मजकूर. युनिकोड फॉन्ट घ्यावा. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ मोफत मिळतात. फोटोशॉपमध्ये वेलांटी सुटी पडत असेल, तर टाइपच्या सेटिंगमध्ये World-Ready Layout निवडावं. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा मोह आवरावा, त्याने शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेवावं, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत अडकतात. अक्षराला बाहेरून जाड किनार द्यायची असेल, तर आधी कर्व्ह्ज करून आकार वेल्ड करावेत; नाहीतर प्रत्येक जोडावर किनारीची रेघ दिसते.

मजकूर वेगळा ठेवण्याचा आणखी एक फायदा मोजून दाखवता येतो. सहा फूट म्हणजे 72 इंच. फ्लेक्ससाठी इंचाला 72 पिक्सेल धरले, तरी रुंदी 5184 पिक्सेल लागते. टूलचं चित्र 1536 पिक्सेल रुंद आलं, तर ते जवळपास साडेतीन पट ताणावं लागेल. भिंत आणि चेहरे थोडे मऊ दिसले तरी लांबून चालून जातं. त्याच चित्रातली अक्षरं मात्र फुटतात. कर्व्ह्ज केलेली अक्षरं कितीही मोठी केली तरी धारदार राहतात. छपाईला फाइल देताना ती कर्व्ह्ज करूनच द्यावी, म्हणजे दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अडत नाही. दुरुस्तीसाठी मूळ फाइल आपल्याकडे जपावी.

प्रूफ पाहताना जोडाक्षरं आणि ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’मधला अर्धा र आधी तपासा. मजकूर लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. म्हणून मंडळातल्या दुसऱ्या कुणाला तरी तो मोठ्याने वाचायला सांगा आणि मगच छपाईला होकार द्या.