दूध एकच, दुखणी दोन

दुपारच्या पंगतीत वाटीभर बासुंदी खाल्ली की तासा-दोन तासांत पोट डब्ब होतं, गुडगुडतं, कधी जुलाब होतात. दुसऱ्या घरी सात महिन्यांच्या बाळाला पहिल्यांदाच चमचाभर गाईचं दूध पाजलं आणि काही मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली. दोन्हीकडे निदान एकच ऐकू येतं: ‘दुधाची अ‍ॅलर्जी आहे.’ पण अ‍ॅलर्जी फक्त बाळाला आहे.

बासुंदीचा त्रास दुधातल्या साखरेमुळे होतो. लॅक्टोज नावाची ही साखर पेलाभर दुधात साधारण बारा ग्रॅम असते. लहान आतड्यातलं लॅक्टेज हे विकर तिचे दोन तुकडे करतं, मगच ती रक्तात शोषली जाते. बालपण सरलं की अनेकांमध्ये हे विकर कमी होत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, आपल्याबरोबर पाणी ओढून घेते आणि तिथले जीवाणू ती आंबवून वायू तयार करतात. पोट फुगतं ते यामुळे. जोरदार जुलाबानंतर आतड्याचं अस्तर दुखावलं, तरी काही दिवस असंच होतं.

इथे प्रमाणाला महत्त्व आहे. कपभर चहातलं दूध सोसतं, पेलाभर दूध सोसत नाही. विरजणातले जीवाणू थोडी साखर आधीच संपवतात आणि पोटात गेल्यावर उरलेली पचवायलाही मदत करतात, म्हणून अशा अनेकांना दही चालतं. निदानासाठी लॅक्टोज पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात.

बाळाची गोष्ट निराळी. त्याची प्रतिकारशक्ती केसीनसारख्या दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजते आणि हिस्टामिनसारखी रसायनं सोडते. त्यामुळे त्रास पोटापुरता न राहता त्वचेवर आणि श्वासातही दिसतो. काही बाळांमध्ये तो उशिरा, शौचातून रक्त पडण्याच्या रूपातही दिसतो. धाप लागली, श्वासात घरघर आली किंवा बाळ मलूल झालं तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावं. तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते, पण ती गेली की नाही हे घरी दूध पाजून तपासू नये.

गल्लत सर्वांत महागात पडते ती दुकानात. ‘लॅक्टोज-फ्री’ दुधात साखर आधीच फोडलेली असते, म्हणून ते किंचित गोड लागतं आणि बासुंदीवाल्याला निर्धास्त पिता येतं. प्रथिनं मात्र त्यात जशीच्या तशी असतात. बाळासाठी ते साध्या दुधाइतकंच धोक्याचं. दही, पनीर, खवा यांतही तीच प्रथिनं आहेत. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात, की ‘शेळीचं दूध देऊन पाहा’ हा शेजारचा सल्ला अशा बाळाच्या बाबतीत ऐकू नये.