चित्रांतली जोडणी, शब्दांतल्या पायऱ्या

सुट्या भागांत विकल्या जाणाऱ्या फर्निचरच्या खोक्यात जे जोडणीपत्रक असते, त्यात बहुधा एकही पूर्ण वाक्य नसते. रेषाचित्रे, बाण, ‘२×’ सारखे आकडे, ‘क्लिक’ किंवा ‘कमाल १५ किलो’ असे त्रोटक मथळे आणि फुली मारलेली एखादी चुकीची कृती, एवढ्यावर काम भागवलेले असते. तेच पत्रक अनेक देशांत, भाषांतराविना चालावे हा त्यामागचा हिशेब. स्वीडनच्या आयकियाने ही पद्धत जगभर रुळवली. या कंपनीचे भारतातले पहिले दालन २०१८ मध्ये हैदराबादेत आणि त्यानंतरचे २०२० मध्ये नवी मुंबईत उघडले, आणि अशी पत्रके महाराष्ट्रातल्या घरांतही पोचली.

पत्रक शब्दांत उतरवण्याची गरज मात्र राहतेच. अंध किंवा कमी दिसणाऱ्या माणसाला चित्राचा उपयोग नसतो. मोबाइलवर मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय चित्रापाशी गप्प होते. दोघे मिळून काम करताना एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने जोडायचे, तरी वाचण्याजोगे काहीतरी हातात लागते. लेगोच्या खेळण्यांबाबत हे काम आधी झाले आहे. मॅथ्यू शिफ्रिन या जन्मांध अमेरिकी तरुणासाठी लिल्या फिंकेल या त्याच्या मैत्रिणीने चित्रांवरून शब्दांतल्या सूचना लिहून काढल्या. पुढे २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच ध्वनी आणि ब्रेल सूचना देण्यास सुरुवात केली.

अवघड भाग असा की एकच चित्र चार गोष्टी एका वेळी सांगते: कोणता भाग, त्याची कोणती बाजू वर, किती नग आणि आधी काय, मग काय. वाक्याला या गोष्टी एकामागून एक सांगाव्या लागतात. त्यासाठी १२० सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद असे एक साधे पुस्तकांचे कपाट उदाहरणादाखल घेता येईल. त्यात दोन उभ्या बाजू, तीन पक्क्या आडव्या फळ्या, दोन सुट्या फळ्या, खाली पुढच्या अंगाला एक पट्टी आणि मागे पातळ पाठ आहे.

आधी नावे

पत्रकात भागांना नावे नसतात; किरकोळ सामानाशेजारी फार तर एखादा क्रमांक छापलेला असतो. म्हणून पहिले काम नामकरणाचे. एका भागाला एकच नाव द्यायचे आणि शेवटपर्यंत तेच वापरायचे. पहिल्या पायरीत ‘तळफळी’ आणि चौथीत ‘खालचा बोर्ड’ म्हटले, तर वाचणारा आणखी एक फळी शोधत बसतो.

या कपाटासाठी नावे अशी ठरतात: डावी बाजू, उजवी बाजू, माथाफळी, मधली फळी, तळफळी, सुटी फळी (२), पायपट्टी आणि पाठ. किरकोळ सामानात ८ लाकडी खुंट्या, १२ बोल्ट, १२ चकत्या, ८ टेकूपिना, १८ खिळे, आणि भिंतीसाठी १ कोनपट्टी व तिचा १ स्क्रू. इथला बोल्ट आणि चकती म्हणजे सुतार ज्याला मिनीफिक्स म्हणतात ती जोडी. बोल्ट उभ्या बाजूत पिळून बसवतात, चकती आडव्या फळीतल्या गोल भोकात ठेवतात. बोल्टचे डोके चकतीच्या पोटात शिरले की चकती फिरवायची. ती डोक्याला पकडून फळी बाजूकडे ओढून घेते.

नावासोबत ओळखण्याची खूणही लागते, आणि ती हाताला कळणारी असली तर उत्तम. खुंटी लाकडी, तिच्या अंगावर उभ्या रेघा. बोल्ट धातूचा, एका टोकाला आटे आणि दुसऱ्या टोकाला गोल डोके. चकती म्हणजे वर पेचकसाची खाच असलेला छोटा दंडगोल.

मग दिशा

चित्रात फळी तिरकी, हवेत तरंगती काढलेली असते. ‘डावी’ आणि ‘उजवी’ कुणाच्या, हे आधी ठरवावे लागते. पूर्ण झालेल्या कपाटासमोर उभे राहणाऱ्याची डावी ती डावी, हे गृहीत सूचनांच्या सुरुवातीलाच लिहायचे.

दोन्ही उभ्या बाजू लांबीरुंदीने सारख्या असल्या, तरी एकमेकींचे आरशातले प्रतिबिंब असतात. प्रत्येकीच्या पुढच्या कडेला गुळगुळीत पट्टी चिकटवलेली आहे. मागच्या कडेला पाठ बसण्यासाठी पायरीसारखी खाच आहे. भोके असलेला पृष्ठभाग आतला. त्यामुळे सूचना अशी होते: ‘भोके वर, पायपट्टीचे भोक तुमच्याकडच्या टोकाला. या स्थितीत गुळगुळीत कड डाव्या हाताला आली तर ती डावी बाजू. उजव्या हाताला आली तर उजवी.’ आडव्या फळ्यांबाबत चित्र नीट पाहिले, तर तिन्हींत चकत्यांची मोठी भोके कपाट उभे राहिल्यावर खालच्या अंगाला येतात. हे लिहायचे राहिले, तर माथ्यावर चार उघडी भोके दिसतात.

आकड्यांचा हिशेब

सर्वांत जास्त घोटाळा ‘×’ या खुणेने होतो. पहिल्या चित्रात एकच उभी बाजू काढलेली आहे. तिच्यात सहा बोल्ट शिरताना दिसतात, बोल्टशेजारी ‘१२×’ आणि फळीशेजारी ‘२×’ लिहिले आहे. बोल्टशेजारचा आकडा एकूण नगांचा, फळीशेजारचा आकडा कृती किती वेळा करायची त्याचा. प्रत्येक बाजूत सहा, बाजू दोन, म्हणून बारा.

हा अर्थ बरोबर लागला की नाही, याची परीक्षा सामानाच्या पानावर होते. तीन पक्क्या फळ्या, प्रत्येकीची दोन टोके, म्हणजे सहा सांधे. प्रत्येक सांध्यात दोन बोल्ट, दोन चकत्या आणि एक खुंटी: एकूण १२, १२ आणि ६. पायपट्टीच्या दोन टोकांना एकेक खुंटी, म्हणजे खुंट्या ८. सुट्या फळ्या दोन, प्रत्येकीला चार पिना, म्हणजे ८. लिहिलेल्या पायऱ्यांमधली बेरीज सामानाच्या यादीशी तंतोतंत जुळली पाहिजे. ती जुळली नाही, तर एखादी कृती सुटली आहे किंवा एखाद्या चित्राचा अर्थ चुकला आहे.

एका चित्राच्या अनेक पायऱ्या

पत्रकाच्या तिसऱ्या चित्रात डावी बाजू जमिनीवर आडवी आहे आणि चार भाग बाणांसह एकदम तिच्यावर उतरताना दाखवले आहेत. शेजारच्या वर्तुळात चकती मोठी करून काढली आहे; तिच्यावर छोटा बाण, भोवती वळणदार बाण आणि ‘१८०°’. हात मात्र एका वेळी एकच फळी बसवू शकतात, म्हणून या चित्राच्या तीन पायऱ्या होतात. इशारा कृतीच्या आधी यायला हवा. फुली मारलेले ड्रिल पत्रकात कोपऱ्यात असते. शब्दांत ते स्क्रू पिळण्याच्या सूचनेआधी येते, कारण भुशाच्या दाबून केलेल्या फळीत यंत्राच्या जोराने पिळलेले आटे भोक मोठे करतात आणि बोल्ट पुन्हा घट्ट बसत नाही.

या कपाटाच्या पायऱ्या अशा तयार होतात:

१. दोन माणसे, हाताने फिरवायचा पेचकस आणि हातोडी लागेल. ड्रिल वापरू नये. जमिनीवर सतरंजी अंथरावी.

२. दोन्ही बाजू भोके वर करून ठेवाव्यात. प्रत्येकीत ६ बोल्ट, कडेची पट्टी फळीला टेकेपर्यंत पिळावेत.

३. माथाफळी, मधली फळी आणि तळफळी यांच्या मोठ्या भोकांत प्रत्येकी ४ चकत्या ठेवाव्यात. चकतीवरचा बाण फळीच्या जवळच्या टोकाकडे असावा.

४. डाव्या बाजूच्या उरलेल्या ४ भोकांत ४ खुंट्या बसवाव्यात.

५. डावी बाजू जमिनीवर तशीच ठेवून माथाफळी तिच्यावर उभी करावी. गुळगुळीत कड पुढे, चकत्या पायाच्या दिशेने. बोल्ट पूर्ण आत गेल्यावर त्या टोकाच्या दोन्ही चकत्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अर्धा फेरा फिरवाव्यात.

६. मधली फळी आणि तळफळी एकेक करून तशाच जोडाव्यात. पायपट्टी तळफळीखाली, पुढच्या कडेला, खुंटीवर बसवावी.

७. उजव्या बाजूत ४ खुंट्या घालून ती वरून बसवावी. एकाने फळ्या सरळ धराव्यात, दुसऱ्याने उरलेल्या ६ चकत्या फिरवाव्यात.

८. दोघांनी मिळून कपाट पुढच्या अंगावर पालथे करावे. मागच्या बाजूने दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असतील तरच पाठ खाचेत ठेवून १८ खिळे ठोकावेत.

९. कपाट उभे करावे. ८ टेकूपिना दोन समान उंच्यांवर लावून सुट्या फळ्या ठेवाव्यात. प्रत्येक सुट्या फळीवर जास्तीत जास्त १५ किलो.

१०. कोनपट्टी स्क्रूने माथाफळीला आणि मग भिंतीला लावावी. त्याआधी कपाटात काही ठेवू नये.

आठव्या पायरीतले कर्णांचे मोजमाप पत्रकात काटकोनाच्या एका छोट्या खुणेने दाखवलेले असते. खूण परिणाम सांगते, तो कसा तपासायचा हे सांगत नाही. पातळ पाठच कपाटाला काटकोनात धरून ठेवते, त्यामुळे कपाट तिरके असताना खिळे ठोकले की तो तिरकेपणा कायम होतो.

दहाव्या पायरीत चित्र मुद्दाम अपुरे ठेवलेले असते. भिंतीत जाणारा स्क्रू खोक्यात नसतो, कारण विटांच्या, काँक्रीटच्या आणि पोकळ भिंतीला वेगवेगळे स्क्रू आणि गिट्टे लागतात. तो वेगळा आणावा लागतो, हे शब्दांत आणि तेही साहित्याच्या यादीतच सांगायला हवे. ही पायरी ऐच्छिक समजली जाऊ नये. भिंतीला न बांधलेले ड्रॉवरचे कपाट अंगावर पडून लहान मुलांचे मृत्यू झाल्यानंतर, २०१६ मध्ये आयकियाने एकट्या अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत बोलावली होती.

तपासणी

मजकूर तयार झाल्यावर पत्रक बाजूला ठेवून, ज्याने ते पाहिलेले नाही अशा माणसाकडून तो वाचून कपाट जोडवून घेतात. लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचे नसते. वाचणारा जिथे थांबतो, फळी उलटसुलट करतो किंवा ‘कोणती?’ विचारतो, तिथे खूण करायची. अडखळण्याची कारणे बहुतेकदा दोनच: नाव बदलले आहे, किंवा दिशा सांगायची राहिली आहे. चकती फिरत नसेल, तर बोल्ट पुरता आत गेलेला नाही किंवा चकतीचा बाण उलटा आहे. चकती अडथळा न येता गोल फिरत राहिली, तर तिने बोल्टचे डोके पकडलेलेच नाही. ही दोन्ही लक्षणे पाचव्या पायरीखालीच लिहून ठेवली, तर चूक पुढच्या फळीपर्यंत जात नाही.

एक मर्यादा उरते. भोकांची गर्दी असलेल्या मोठ्या कपाटात ‘वरून चौथे भोक’ असे मोजून सांगताना वाक्ये लांबतात आणि मोजण्यात चूक होते. अशा ठिकाणी जोडणीआधीच, दिसणाऱ्या माणसाच्या मदतीने, लागणाऱ्या भोकांशेजारी चिकटपट्टीचे तुकडे लावून घेतात आणि मजकुरात ‘पट्टीजवळचे भोक’ एवढेच लिहितात.