सात जोड्यांचा सांगाडा

१९४३ साली वाल्टर हीबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत रोडियम धातू आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या संयोगातून काही काळपट स्फटिक तयार झाले. त्यांचं सूत्र Rh₄(CO)₁₁ असावं असं ठरलं. पुढे वीस वर्षं तेच मानलं जात होतं. १९६३ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स डाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्फटिकावर क्ष-किरण टाकून रेणूची रचना शोधली, तेव्हा रोडियमचे अणू चार नसून सहा निघाले. खरं सूत्र Rh₆(CO)₁₆ होतं. चूक होणं साहजिक होतं, कारण एका रोडियममागे कार्बन मोनॉक्साइडचे रेणू किती, हे प्रमाण जुन्या सूत्रात २.७५ येतं आणि नव्या सूत्रात २.६७.

सहा रोडियम अणू अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर बसलेले होते. दोन चौरस पिरॅमिड तळाला तळ लावून जोडले की जो आकार होतो, तो अष्टफलक. त्याला कोपरे सहा, कडा बारा. रचना देखणी होती, पण तिचा हिशेब लागत नव्हता.

धातूंच्या अशा संयुगांसाठी रसायनशास्त्रज्ञ १८ इलेक्ट्रॉनांचा नियम वापरत. प्रत्येक धातूच्या अणूभोवती १८ इलेक्ट्रॉन पुरे व्हायला हवेत आणि जे कमी पडतात ते शेजारच्या धातूशी बंध करून मिळवायचे, असा तो नियम. सहा रोडियमांचे प्रत्येकी ९, म्हणजे ५४. सोळा कार्बन मोनॉक्साइडचे प्रत्येकी २, म्हणजे ३२. एकूण ८६. गरज सहा गुणिले अठरा, म्हणजे १०८ ची. तूट २२ ची, म्हणून धातू-धातू बंध अकरा. पण अष्टफलकाला कडा तर बारा! मग कोणत्या कडेवर बंध नाही? स्फटिकातल्या रेणूत अशी वेगळी पडलेली एकही कड नव्हती.

या कोड्याचं उत्तर धातूंच्या रसायनशास्त्रात सापडलं नाही. ते बोरॉनकडून आलं.

बोरॉन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांना बोरेन म्हणतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आल्फ्रेड श्टॉक यांनी जर्मनीत ती पहिल्यांदा नीट वेगळी केली. यातली कित्येक संयुगं हवा लागताच पेट घेतात. म्हणून श्टॉक यांनी काचेच्या नळ्यांची पूर्ण बंदिस्त निर्वात यंत्रणा उभारली. तिच्या झडपांत आणि पंपांत पारा होता, आणि त्या पाऱ्याच्या वाफेने श्टॉक यांना कायमची विषबाधा झाली. त्यांच्या कामातून B₅H₉, B₄H₁₀ अशी सूत्रं हाती आली, पण त्यांचे आकार कुणालाच ठाऊक नव्हते. बोरॉनकडे बाहेरचे इलेक्ट्रॉन फक्त तीन. दर दोन अणूंमध्ये दोन इलेक्ट्रॉनांचा एक बंध, हा नेहमीचा हिशेब लावला तर हे रेणू टिकूच नयेत.

पुढे विल्यम लिप्सकोम यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने एकेका बोरेनची रचना उलगडली. या कामासाठी त्यांना १९७६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. B₅H₉ मधले पाच बोरॉन चौरस पिरॅमिडच्या कोपऱ्यांवर निघाले. B₄H₁₀ मधल्या चार बोरॉनांचे दोन त्रिकोण एका कडेवर जुळलेले होते, पंख अर्धवट मिटलेल्या फुलपाखरासारखे. त्या काळी बहुतेकांचा समज असा होता, की सगळे बोरेन हे वीस पृष्ठांच्या, बारा कोपऱ्यांच्या विंशतिफलकाचे तुकडे आहेत. पण विंशतिफलकाच्या प्रत्येक कोपऱ्याला पाच शेजारी असतात. चार शेजारी असलेलं B₅H₉ चं टोक त्यातून कापून काढताच येत नाही.

१९७१ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी ही गाठ सोडवली. प्रत्येक उघड्या बोरेनचा मूळ बंद पिंजरा वेगळा असतो आणि त्यातून एक किंवा दोन कोपरे काढले की तो बोरेन मिळतो, असं त्यांनी दाखवलं. B₅H₉ म्हणजे एक कोपरा नसलेला अष्टफलक. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठातल्या केनेथ वेड यांनी, कोणत्या रेणूचा मूळ पिंजरा कोणता हे नुसत्या मोजणीने कसं ओळखायचं, ते एका छोट्या टिपणात सांगितलं.

मोजणी अशी. पिंजऱ्यातल्या प्रत्येक बोरॉनला बाहेरच्या बाजूने एक हायड्रोजन जोडलेला असतो. त्या बंधात बोरॉनचा एक इलेक्ट्रॉन खर्ची पडतो आणि उरलेले दोन सांगाड्याच्या वाट्याला येतात. म्हणजे प्रत्येक BH गटाचे दोन. याशिवाय जे जास्तीचे हायड्रोजन असतील त्यांचा प्रत्येकी एक. रेणूवर ऋण भार असेल तर तेवढे इलेक्ट्रॉन मिळवायचे, धन असेल तर वजा करायचे. बेरजेची निमपट म्हणजे सांगाड्यातल्या जोड्या. बंद पिंजऱ्याला जितके कोपरे, त्याहून एक जास्त जोडी लागते.

आता B₆H₆²⁻ हा आयन घ्या. सहा BH चे १२, भाराचे २, एकूण १४. जोड्या सात, कोपरे सहा, म्हणून बंद अष्टफलक. B₅H₉ मध्ये पाच BH चे १० आणि जास्तीच्या चार हायड्रोजनांचे ४. पुन्हा १४, पुन्हा सात जोड्या. सात जोड्यांचा पिंजरा सहा कोपऱ्यांचा असतो, पण बोरॉन तर पाचच आहेत. एक कोपरा रिकामा राहिला आणि चौरस पिरॅमिड तयार झाला. B₄H₁₀ मध्ये चार BH चे ८ आणि सहा हायड्रोजनांचे ६, परत १४. दोन शेजारचे कोपरे रिकामे ठेवले की अष्टफलकातून ते फुलपाखरू उरतं. या तीन प्रकारांना क्लोसो, निडो आणि अरॅक्नो अशी नावं आहेत. कागदावर तीन वेगळे रेणू दिसतात, प्रत्यक्षात तिघांचा साचा एकच.

सातच का, याचं कारण ऑर्बिटलमध्ये आहे. प्रत्येक BH गटाकडे सांगाड्यासाठी तीन ऑर्बिटल उरतात. एक पिंजऱ्याच्या केंद्राकडे रोखलेलं असतं आणि दोन पृष्ठभागाला समांतर पसरलेली असतात. सहा गटांची मिळून अठरा. ती एकमेकांत मिसळली की फक्त सात ऑर्बिटल अशी तयार होतात, की ज्यांतले इलेक्ट्रॉन सांगाड्याला बांधून ठेवतात. त्यांपैकी एकात सहाही गटांची आत रोखलेली ऑर्बिटल केंद्रापाशी एकत्र येतात. बाकीच्या सहांचा मुख्य भार पिंजऱ्याच्या पृष्ठावरच्या ऑर्बिटलांवर असतो. म्हणजे जोडी कुठल्या एका कडेची नसते, ती सगळ्या पिंजऱ्याची असते. कोपरा रिकामा झाला तरी ही सात ऑर्बिटल बहुतांशी शाबूत राहतात, म्हणूनच उघडे बोरेन टिकतात.

शिकणाऱ्यांची चूक बहुधा एकाच जागी होते. बाहेरच्या B–H बंधातले इलेक्ट्रॉनही सांगाड्यात धरले जातात. ती पकडायला उलटा हिशेब करून पाहावा. B₅H₉ मधले सगळे इलेक्ट्रॉन पाच त्रिक पंधरा आणि नऊ, म्हणजे २४. बाहेरच्या पाच बंधांचे १० वजा केले की १४ उरले पाहिजेत.

आता रोडियमकडे. या धातूंच्या अणूकडे बाहेरची नऊ ऑर्बिटल असतात. त्यांतली तीन सांगाड्यासाठी लागतात, हुबेहूब BH सारखी. उरलेली सहा कार्बन मोनॉक्साइडला धरून ठेवण्यात आणि धातूच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनांत गुंततात, आणि त्यांत १२ इलेक्ट्रॉन मावतात. म्हणून एकूण बेरजेतून प्रत्येक धातूमागे १२ वजा करायचे. Rh₆(CO)₁₆ मध्ये ८६ वजा ७२, बरोबर १४. सात जोड्या, सहा कोपरे, अष्टफलक. अकरा बंध आणि बारा कडा यांचं भांडण उरतच नाही, कारण जोड्या कडांवर वाटायच्याच नसतात. बोरॉनसारख्या हलक्या अधातूचं आणि रोडियमसारख्या जड धातूचं गणित एकाच आकड्यावर येऊन मिळावं, ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

लोखंडाच्या Fe₅C(CO)₁₅ मध्ये हेच दिसतं. पाच लोह अणूंचे ४०, कार्बन मोनॉक्साइडचे ३०, आणि चौरस तळाच्या मध्याशी किंचित खाली बसलेल्या एकट्या कार्बनचे चारही. एकूण ७४. त्यातून ६० गेले की १४. आकार चौरस पिरॅमिड, B₅H₉ सारखाच. Fe(CO)₃ हा गट सांगाड्याला BH इतकेच, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन देतो. १९७४ मध्ये B₅H₉ च्या टोकावरच्या BH च्या जागी Fe(CO)₃ असलेलं B₄H₈Fe(CO)₃ प्रत्यक्ष तयारही झालं.

मोजणीला मर्यादाही आहेत. कोणते कोपरे रिकामे राहतील हे ती नेहमी सांगत नाही. S₄²⁺ या आयनात प्रत्येक गंधक एक जोडी स्वतःकडे ठेवून चार इलेक्ट्रॉन देतो. सोळातून धन भाराचे दोन गेले की चौदाच उरतात. पण इथे अष्टफलकाचे समोरासमोरचे दोन कोपरे रिकामे राहतात आणि आकार सपाट चौरस होतो. B₄Cl₄ तर नियमालाच जुमानत नाही. चार कोपऱ्यांना पाच जोड्या हव्यात, त्याच्याकडे चारच आहेत, तरी त्याचा चतुष्फलक बंद आणि स्थिर आहे. प्लॅटिनमचे समूहही बऱ्याचदा वेगळे वागतात, कारण प्लॅटिनमचं एक ऑर्बिटल पुष्कळदा वापरलंच जात नाही आणि वजा करायचा १२ हा आकडा तिथे चुकतो.

सर्वांत बोलकं उदाहरण ऑस्मियमचं. Os₆(CO)₁₈ मध्ये ४८ आणि ३६ मिळून ८४. त्यातून ७२ गेले की १२, म्हणजे जोड्या सहाच. सहा जोड्यांचा पिंजरा पाच कोपऱ्यांचा असतो, दोन त्रिकोणी पिरॅमिड तळाशी जोडलेला. मग सहावा अणू कुठे जातो? तो पिंजऱ्याच्या एका त्रिकोणी पृष्ठावर टोपीसारखा बसतो. त्याच्या येण्याने लागणाऱ्या जोड्यांची संख्या वाढत नाही. या रेणूला दोन इलेक्ट्रॉन दिले की Os₆(CO)₁₈²⁻ होतो, जोड्या सात होतात आणि टोपी मोडून सहाही अणू अष्टफलकात जाऊन बसतात.

पण हेच दोन इलेक्ट्रॉन दोन हायड्रोजनांच्या रूपाने दिले, तर H₂Os₆(CO)₁₈ अष्टफलक होत नाही. जोड्या सातच, तरी आकार टोपी घातलेल्या चौरस पिरॅमिडचा. नियम इथे खोटा ठरत नाही, कारण सात जोड्यांचा चौरस पिरॅमिड आणि त्यावर टोपी, हेही त्याला चालतं. दोन्ही आकार त्याला मान्य आहेत, आणि त्यांतला कोणता हे मोजणीवरून कळत नाही. त्यातला एक हायड्रोजन काढून घेतला, की उरलेला HOs₆(CO)₁₈⁻ पुन्हा अष्टफलक होतो. अशा ठिकाणी स्फटिक वाढवून त्यावर क्ष-किरणच टाकावे लागतात.