एका मिलिसेकंदाची शेपटी

संगणकशास्त्राच्या परीक्षेत, मग ती पदविकेची असो, अभियांत्रिकीची असो किंवा गेटची, ‘ऑपरेटिंग सिस्टिम’च्या पेपरात राउंड रॉबिनवरचं गणित हमखास भेटतं. तीन-चार प्रोसेस दिलेल्या असतात, टाइम क्वांटम दिलेला असतो आणि सरासरी वेटिंग टाइम काढायचा असतो. गणितात बेरीज-वजाबाकीपलीकडे काही नाही. तरीही पुष्कळ मुलांच्या मनात एक चुकीचा नियम घर करून बसतो: क्वांटम लहान केला की वाट पाहणं कमी होतं. काही जण याच्या नेमकं उलट मानतात. प्रत्यक्षात दोन्ही नियम खोटे आहेत. ते का खोटे आहेत, हे एकच उदाहरण नीट सोडवलं तर दिसतं.

आधी पद्धत समजून घेऊ. सरकारी कचेरीत एकच खिडकी आहे आणि नियम असा की प्रत्येकाला खिडकीपाशी पाचच मिनिटं मिळतील. काम उरलं तर रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं, आधीच संपलं तर लगेच पुढच्याचा नंबर. खिडकी म्हणजे प्रोसेसर, रांग म्हणजे रेडी क्यू आणि ती पाच मिनिटं म्हणजे टाइम क्वांटम. एक मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, या गरजेतून ही पद्धत रुजली. अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने १९६१ साली सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग यंत्रणा चालवून दाखवली, तो या वाटेवरचा मोठा टप्पा होता.

आता गणित. अ, ब आणि क या तीन प्रोसेस शून्य वेळेला याच क्रमाने रांगेत आहेत. अ ला प्रोसेसर १० मिलिसेकंद हवा आहे, ब ला ४ आणि क ला ५. एकूण काम १९ मिलिसेकंदांचं.

क्वांटम ५ घेऊ. अ शून्य ते ५ चालतो आणि उरलेलं निम्मं काम घेऊन मागे जातो. ब ५ ते ९ चालून संपतो. क ९ ते १४ चालून संपतो. मग अ १४ ते १९. वेटिंग टाइम काढायचा तर काम संपल्याच्या वेळेतून रांगेत आल्याची वेळ आणि बर्स्ट टाइम वजा करायचा. अ साठी १९ वजा १०, म्हणजे ९. ब साठी ९ वजा ४, म्हणजे ५. क साठी १४ वजा ५, म्हणजे ९. बेरीज २३, सरासरी ७.६७.

आता क्वांटम ३ करू. अ शून्य ते ३, ब ३ ते ६, क ६ ते ९, पुन्हा अ ९ ते १२. ब चं फक्त १ मिलिसेकंदाचं काम उरलं होतं, पण तेवढ्यासाठी त्याला क आणि अ यांच्या पूर्ण पाळ्या संपेपर्यंत थांबावं लागलं. तो १३ ला सुटतो, क १५ ला आणि अ १९ ला. वाट पाहणं अनुक्रमे ९, ९ आणि १०. बेरीज २८, सरासरी ९.३३. क्वांटम लहान झाला आणि सरासरी वाढली.

म्हणून क्वांटम आणखी लहान केला की सरासरी आणखी वाढेल, असं वाटेल. तसं होत नाही. क्वांटम २ असो वा १, बेरीज २५ येते, म्हणजे सरासरी ८.३३. आता दुसऱ्या टोकाला जाऊ. क्वांटम ९ घेतला तर अ ९ मिलिसेकंद चालतो आणि शेवटच्या एका मिलिसेकंदासाठी मागे जातो. ब १३ ला संपतो, क १८ ला, अ १९ ला. वाट पाहणं ९, ९ आणि १३. बेरीज ३१, सरासरी १०.३३. आणि क्वांटम १० केला की अ एकाच पाळीत आटोपतो, त्याची वाट शून्यावर येते, ब १० आणि क १४ मिलिसेकंद थांबतात. बेरीज २४, सरासरी ८. क्वांटम फक्त एकाने वाढला आणि सरासरी १०.३३ वरून ८ वर उतरली. यापुढे क्वांटम कितीही वाढवा, उत्तर हेच राहतं, कारण आता ही पद्धत ‘जो आधी येईल त्याला आधी’ अशी साधी रांग झाली आहे.

या चढउतारामागचं कारण एकच. क्वांटम संपताना प्रोसेसचं काम किती उरतं, यावर सगळं अवलंबून आहे. क्वांटम ५ मध्ये ब आणि क एका पाळीत बसले आणि अ चे बरोबर दोन समान तुकडे झाले, म्हणून सरासरी सर्वांत कमी आली. क्वांटम ३ मध्ये ब ची आणि क्वांटम ९ मध्ये अ ची एका मिलिसेकंदाची शेपटी उरली. त्या शेपटीसाठी पूर्ण फेरीची किंमत मोजावी लागली. म्हणूनच प्रचलित पाठ्यपुस्तकांत एक ढोबळ नियम दिलेला असतो: साधारण ८० टक्के बर्स्ट क्वांटमपेक्षा लहान असावेत.

इथपर्यंत एका प्रोसेसकडून दुसरीकडे वळायला लागणारा वेळ, म्हणजे कॉन्टेक्स्ट स्विच, आपण शून्य धरला. समजा प्रत्येक बदलाला १ मिलिसेकंद जातो. क्वांटम ५ मध्ये तीनच बदल होतात आणि सरासरी ७.६७ वरून ९.६७ होते. क्वांटम १ मध्ये १४ बदल होतात आणि सरासरी ८.३३ वरून थेट २०.६७ वर जाते. खऱ्या यंत्रांत हा बदल मायक्रोसेकंदांत होतो, म्हणून १० ते १०० मिलिसेकंदांचा क्वांटम परवडतो.

मग लहान क्वांटम कुणाला हवा असतो? पडद्यासमोर बसलेल्या माणसाला. क्वांटम १ मध्ये तिन्ही प्रोसेसना पहिली पाळी २ मिलिसेकंदांच्या आत मिळते. क्वांटम १० मध्ये क ला पहिल्या पाळीसाठीच १४ मिलिसेकंद थांबावं लागतं. राउंड रॉबिन पहिला प्रतिसाद लवकर देण्यासाठी आहे. सरासरी वाट सर्वांत कमी करायची असेल तर लहान काम आधी घ्यावं. आपल्या उदाहरणात ब, क, अ असा क्रम लावला तर सरासरी ४.३३ वर येते, आणि कुठल्याही क्वांटमने ती इतकी खाली येत नाही.

परीक्षेत गुण जातात ते ठरावीक जागी. पहिली चूक म्हणजे पहिली पाळी सुरू होण्याची वेळ हाच वेटिंग टाइम धरणं. त्या हिशेबाने क्वांटम ५ मध्ये अ ची वाट शून्य येते, खरी वाट ९ आहे. दुसरी चूक म्हणजे काम लवकर संपलं तरी क्वांटम पुरा होईपर्यंत प्रोसेसर रिकामा ठेवणं. ब ९ ला संपला असताना क ला १० ला सुरू केलं, तर शेवट १९ ऐवजी २० ला येतो. म्हणून गँट चार्टचा शेवटचा आकडा बर्स्टच्या बेरजेशी ताडून पाहावा. मध्ये प्रोसेसर रिकामा राहिला नसेल आणि कॉन्टेक्स्ट स्विच धरला नसेल, तर दोन्ही आकडे जुळायलाच हवेत.

तिसरी अडचण वेळ जुळण्याची. क्वांटम ५ आहे, अ ला १० हवेत आणि ४ मिलिसेकंदांची ब बरोबर ५ ला येते. अ ची पाळीही ५ लाच संपते. रांगेत आधी कोण? नव्याला आधी घेतलं तर सरासरी २ येते, अ ला आधी घेतलं तर २.५. बहुतेक ठिकाणी नव्या प्रोसेसला आधी घेण्याचा संकेत आहे, पण प्रश्नात वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळायचं. सांगितलं नसेल तर आपण काय गृहीत धरलं, ते उत्तराच्या वर एका ओळीत लिहावं.

आणि ‘क्वांटम वाढवला तर सरासरी वेटिंग टाइम वाढेल की घटेल?’ असं कुणी नुसतंच विचारलं, तर बर्स्ट टाइम मागून घ्या. त्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.